सांगावे किती, हाती द्यावे किती

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिचे आजोबा आणि वडील दोघेही मच्छीमार. जन्मापासून तिची दृष्टी मंद आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर ६/६० असा आकडा आहे. म्हणजे निरोगी डोळ्याला जे साठ मीटरांवरून ओळखता येते ते ओळखण्यासाठी तिला सहा मीटरांवर यावे लागते. ती आंधळी नाही. रस्ता ओळखते, माणसे आवाजावरून आणि थोडीफार आकारावरून ओळखते, वही नाकाजवळ धरून मोठ्या अक्षरांत लिहिते. आकाशातला चंद्र मात्र तिला उजेडाचा एक पसरलेला डाग म्हणून दिसतो. त्याला कड नाही, आकार नाही. चंद्राची कोर तिने कधी पाहिलेली नाही.

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत चंद्रकलांवरच्या प्रश्नाला तिला पूर्ण गुण मिळाले. त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर ती ओसरीत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "फादर, अमावास्येला चंद्र झिजून संपतो ना? मग नवा कुठून येतो?"

मी तिला उत्तरपत्रिकेतले उत्तर म्हणून दाखवायला सांगितले. तिने ते एका दमात, एकही शब्द न चुकता म्हटले. चंद्राचा प्रकाशित भाग, पृथ्वीवरून दिसणारा अंश, कला, सारे काही त्यात होते. आणि ते म्हणून झाल्यावरही तिच्या मनातला चंद्र साबणाच्या वडीसारखा झिजतच होता.

मी विज्ञानाच्या बाईंशी बोललो. बाई प्रामाणिक आणि मायाळू आहेत. त्या म्हणाल्या, "फादर, आकृती तिला दिसत नाही. म्हणून आकृतीच्या प्रश्नातून मी तिला सूट दिली आणि व्याख्या पाठ करायला दिली. तिच्यावर अन्याय होऊ नये हाच हेतू." मला त्यांना दोष देता येईना, कारण मीही त्याआधी तेच केले होते. तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी चांदीच्या ताटाची उपमा दिली होती, नखाच्या कोरीची दिली होती. आपले नख चाचपून तिला कोरीचा आकार कळला असेलही. पण ती कोर का होते हे कोणत्याही उपमेतून कळण्यासारखे नव्हते. बाईंनी तिला व्याख्या दिली, मी उपमा दिली. दोघांनीही तिला आमच्या डोळ्यांनी पाहून झालेल्या गोष्टीचा शेवटचा शब्द तेवढा दिला.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. ज्याला दिसत नाही त्याला आपण सांगतो, तेव्हा त्याला ती वस्तू देतो की त्या वस्तूविषयीचे आपले मत? आणि मतच दिले, तर ती मदत झाली की त्याच्या वाट्याचा विचार आपणच करून टाकला?

सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतले तत्त्वज्ञान शिकवीत. बुद्धीला जे कळते त्याचा आरंभ इंद्रियांत असतो, हा त्यातला पायाचा सिद्धांत. तेव्हा मी तो पाठ केला आणि परीक्षेत लिहिला. त्या मुलीने चंद्रकलांची व्याख्या लिहिली तसाच. ज्या सिद्धांतात इंद्रिये अनेक आहेत तो शिकविताना आम्ही सारे मनातल्या मनात डोळाच धरून बसलो होतो, हे फार उशिरा ध्यानात आले. ॲरिस्टॉटलने तर माणसाचा स्पर्श इतर सर्व प्राण्यांहून सूक्ष्म असतो असे म्हणून माणसाच्या बुद्धिमत्तेचा संबंध त्या स्पर्शाशी जोडला होता.

हाताचे ज्ञान आणि डोळ्याचे ज्ञान एकच आहे का, हा प्रश्नही जुना आहे. १६८८ साली आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले होते की, घन आणि गोल हाताने ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली, तर नुसते पाहून तो घन कोणता व गोल कोणता हे सांगू शकेल काय? त्याची कसोटी आपल्या देशात लागली. दिल्लीत शस्त्रक्रियेने दृष्टी मिळालेल्या पाच मुलांची पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षा घेतली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. हाताने चाचपलेली वस्तू त्या मुलांना पहिल्याप्रथम डोळ्यांनी ओळखता आली नाही; पण काही दिवसांतच ती ओळखू लागली. म्हणजे हात आणि डोळा यांच्या भाषा वेगळ्या आहेत, तरी त्यांच्यात भाषांतर होऊ शकते. मात्र ते आपोआप होत नाही.

हे भाषांतर किती अवघड असते ते आमच्या पहिल्या प्रयत्नात दिसले. बाईंनी पुस्तकातील आकृती मोठ्या पुठ्ठ्यावर उतरवली आणि तिच्या रेषांवर जाड दोरा चिकटवला. मधोमध पृथ्वी, तिच्याभोवती आठ चंद्र, एका बाजूने येणारे सूर्यकिरणांचे बाण. दोन संध्याकाळी खर्चून केलेले काम होते. मुलीने दहा मिनिटे बोटे फिरवली आणि बाणांना चंद्राची वाट म्हणून सांगितले.

चूक तिची नव्हती. डोळा सारी आकृती एकदम घेतो आणि मग भाग पाहतो. बोट एका वेळी बोटाच्या टोकाएवढेच घेते, आणि एकेका तुकड्याची आठवण जोडून त्यातून अखंड चित्र उभारावे लागते. दोन रेषा फार जवळ आल्या की बोटाला त्या एकच वाटतात. सारे काही एकाच दोऱ्याचे असले, तर किरण, वाट आणि कड यांत भेद राहत नाही. पण याहून मोठा दोष मूळ आकृतीतच होता. त्या आकृतीत दोन दृष्टिकोन एकत्र केलेले असतात: आतले वर्तुळ उंच आकाशातून खाली पाहिल्यासारखे, आणि बाहेरच्या कला पृथ्वीवरून वर पाहिल्यासारख्या. दिसणारी मुले ही उडी नकळत मारतात किंवा मारल्याचे सोंग करतात. बाईंनी वर्गाला सहज विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुले म्हणाली की पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. म्हणजे चित्र स्वच्छ दिसूनही त्यांना ते समजले नव्हते.

दुसऱ्या वेळी बाईंनी चित्र सोडले आणि वस्तू घेतली. टेनिसचा चेंडू, सुमारे पावणेसात सेंटिमीटर जाडीचा. त्याच्या बरोबर अर्ध्या भागाला डिंक लावून त्यावर चाळलेली समुद्राची वाळू चिकटवली आणि वाळल्यावर पिवळा रंग दिला. उरलेला अर्धा गुळगुळीत करून काळा रंगवला. रंग मुद्दाम चमक नसलेला घेतला, कारण मंद दृष्टीच्या डोळ्याला चकाकी फार त्रास देते. मुलीला जी थोडी दृष्टी आहे तिचाही उपयोग व्हावा. चेंडू वीतभर अंतरावर आणला की काळे-पिवळे तिला नीट दिसते. हात देताना डोळा काढून घेऊ नये. हा मुद्दा लहान वाटेल. पण अशा मुलांना एकदा "दिसत नाही" या रकान्यात टाकले की त्यांची उरलेली दृष्टी कोणी जमेस धरीत नाही, आणि "थोडे दिसते ना" म्हटले की पहिल्या बाकावर बसवून आपले कर्तव्य संपते.

मग सूर्य कोठे ठेवावा? आमच्या त्या वर्गाला पूर्वेकडे खिडकी आहे आणि पहिल्या तासाला तिच्यातून ऊन येते. बाईंनी मुलीला खिडकीसमोर फिरत्या स्टुलावर बसवले. ऊन तिच्या चेहऱ्यावर पडले. सूर्य सापडला, आणि त्यासाठी कोणाला काही सांगावे लागले नाही. मुलगी म्हणजे पृथ्वी. बाई काठीवर बसवलेला चेंडू तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरून तिच्याभोवती फिरणार. नियम एकच: खरखरीत बाजू सदैव खिडकीकडे, कारण सूर्याकडची बाजू सदैव उजळलेली असते. तिने चेंडू जिकडे जाईल तिकडे स्टूल फिरवून तोंड करायचे आणि हात सरळ पुढे करून चेंडू चाचपायचा.

पहिल्याच ठिकाणी अडचण आली. चेंडू तिच्या आणि खिडकीच्या मध्ये होता; अमावास्या होती; आपल्याकडची बाजू गुळगुळीत लागायला हवी. ती म्हणाली, "बाई, येथे खरखरीत आहे." तिची बोटे चेंडूला वळसा घालून पलीकडे गेली होती. हात वस्तूच्या मागेही पोहोचतो, डोळा पोहोचत नाही. चंद्रकला ही तर केवळ एका जागेवरून पाहण्याची गोष्ट आहे. हाताने सारा चेंडू कवटाळला, तर चंद्र सदैव अर्धा उजळ, अर्धा काळा, एवढेच कळते. ते खरेच आहे, किंबहुना ते पहिले सत्य आहे, आणि डोळ्याला ते कधीच दिसत नाही. परंतु कला त्यात नाहीत.

बाईंनी दुसऱ्या दिवशी एक पुठ्ठा आणला. त्याला चेंडू घट्ट बसेल एवढे भोक पाडले आणि चेंडू त्यात अर्धा पुढे, अर्धा मागे असा अडकवला. आता पुठ्ठा मुलीकडे तोंड करून धरला की तिच्या तळव्यांना फक्त अलीकडचा अर्धगोल लागे. पलीकडे जायची वाट पुठ्ठ्याने अडवली होती. डोळ्याची मर्यादा हाताला घालून दिली, तेव्हा कोठे हाताला डोळ्याचे कोडे कळले.

खिडकीकडे तोंड: सारे गुळगुळीत. स्टूल डावीकडे काटकोनात फिरवले, आता ऊन उजव्या गालावर: उजव्या तळव्याला खरखरीत, डाव्याला गुळगुळीत. आणखी एक काटकोन, खिडकी पाठीशी आणि ऊन मानेवर: सारे खरखरीत. पुन्हा एक काटकोन, ऊन डाव्या गालावर: डाव्या तळव्याला खरखरीत. शुक्ल अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी. आपल्या पंचांगातील एक तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोन बारा अंशांनी वाढणे. तेव्हा ते स्टूल म्हणजे एक फिरते पंचांगच होते.

पृथ्वीच्या सावलीचा प्रश्नही तेथेच सुटला. अष्टमीच्या जागी बाईंनी विचारले, "ऊन कोणत्या गालावर आहे?" उजव्या. "मग तुझ्या डोक्याची सावली कोठे पडेल?" तिने थोडा विचार करून डावा हात लांब केला. "आणि चेंडू कोठे आहे?" समोर. पुढचे वाक्य बाईंनी उच्चारले नाही. ते बोलायची गरजच उरली नव्हती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून स्वतः स्टुलावर बसायला मागू लागला.

बोलण्याविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण स्पर्शाच्या वस्तूइतकेच तेही महत्त्वाचे आहे. पहिल्या दिवशी मी वर्गात मागे बसलो होतो आणि बाईंच्या तोंडी "हे बघा", "हा असा येतो", "इकडून तिकडे" हे शब्द किती वेळा येतात ते मोजू लागलो. थोड्या वेळाने मोजणे सोडून दिले. प्रवचनात मीही तसेच बोलत असणार. या शब्दांचा अर्थ बोटाच्या टोकाशी असतो. ज्याला बोट दिसत नाही त्याला नुसता आवाज मिळतो. बाईंनी सवय बदलली. आधी संपूर्ण वस्तू सांगायची, मग तिची जागा, मग भाग. आणि जागा सांगताना मुलीचे शरीर हेच मोजमाप धरायचे: तुझ्या उजव्या हाताला, तुझ्या हनुवटीच्या उंचीवर, एक हात लांब. याचा फायदा साऱ्या वर्गाला झाला.

याहून कठीण होते ते न बोलणे. पहिल्या फेरीत बाई म्हणाल्या, "आता उजवी बाजू खरखरीत लागते ना? म्हणजे अर्धा चंद्र, म्हणजे अष्टमी." मुलीचे तळवे अजून चेंडूवर टेकायचे होते. तिने मान डोलावली. निरीक्षण बाईंचे, निष्कर्ष बाईंचा, होकार तेवढा तिचा. दुसऱ्या फेरीला बाईंनी फक्त विचारले, "हाताला काय लागते?" आणि त्या गप्प राहिल्या. ती शांतता मला मागे बसूनही जड वाटली. हाताला वेळ लागतो. डोळ्याला जे क्षणात मिळते त्यासाठी हात मिनिटभर फिरतो, आणि त्या मिनिटात मदत करण्याची आपली इच्छा अनावर होते. मला वाटते, दयेच्या पोटी केलेले कित्येक अन्याय त्या एका मिनिटात घडतात. वस्तूविषयी जे तिच्या हाताला कळूच शकत नाही ते सांगणे आपले कर्तव्य आहे. जे कळू शकते ते आधी सांगून टाकण्याचा आपल्याला अधिकार नाही. सीमारेषा दर वेळी स्पष्ट असते असे मात्र नाही.

कोरीच्या वेळी ती सीमा धूसर झाली. चतुर्थीच्या सुमारास, स्टूल अर्ध्या काटकोनात फिरवले असता, मुलगी म्हणाली की खरखरीत भाग पाव आहे. तिचे बरोबर होते. अलीकडच्या अर्धगोलाचा पाव भागच खरखरीत होता. पण आकाशात डोळ्याला त्या वेळी जी कोर दिसते ती तबकडीचा जेमतेम सातवा हिस्सा असते. बाई अडखळल्या. "डोळ्याला ती बारीक दिसते, एवढे लक्षात ठेव," असे सांगून पुढे जाता आले असते. त्या थांबल्या. घरून आणलेला दोरा त्यांनी चेंडूच्या अंगावरून मध्यभागी आडवा ठेवला. खरखरीत पट्ट्यावर तो अडीच सेंटिमीटरांहून थोडा अधिक भरला. मग खाचा पाडलेली पट्टी चेंडूसमोर आडवी, सरळ धरली आणि पट्टा जेथे सुरू होतो तेथून आणि चेंडूच्या कडेपासून सरळ रेषेत पट्टीवर यायला सांगितले. एक सेंटिमीटर. कडेकडचा भाग आपल्यापासून मागे वळलेला असतो. हात त्या वळणावरून चालतो, डोळा सरळ समोरून मोजतो. मुलीने दोन्ही मापे पुन्हा एकदा घेतली. मग म्हणाली, "म्हणजे डोळा फसतो." बाई म्हणाल्या, "फसत नाही, बाळ. तो पट्टीने मोजतो, तू दोऱ्याने मोजतेस."

प्रतिकृती मात्र फसवते, आणि कोठे फसवते ते सांगण्याची जबाबदारी ती करणाऱ्यावर असते. हातभर अंतरावर धरलेला चंद्र ही एक सोयीची लबाडी आहे. चंद्र टेनिसच्या चेंडूएवढा धरला, तर पृथ्वी फुटबॉलहून थोडी मोठी होईल आणि दोघांत सुमारे सात मीटर चाळीस सेंटिमीटर अंतर पडेल. बाईंनी तेवढी दोरी घेतली, तिचे एक टोक मुलीच्या हाती दिले आणि चेंडू घेऊन एक मुलगा वर्गाबाहेर व्हरांड्यात गेला. याच मापाने सूर्य जवळपास तीन किलोमीटर दूर. दिसणाऱ्या मुलांना पुस्तकातील आकृतीची ही लबाडी आजवर कोणी सांगितली नव्हती.

आता जे सुटले नाही तेही लिहितो. या साऱ्याला चार तास लागले. एरवी हा पाठ एका तासात होतो. वर्गात बावन्न मुले आहेत. काही कंटाळली, दोघे-तिघे खिडकीबाहेर पाहत बसले, आणि त्या महिन्याचा अभ्यासक्रम मागे पडला. एका पालकांनी मला स्पष्टच विचारले, "फादर, एका मुलीसाठी एक्कावन्न मुलांचे तास?" एकाच मुलीचा फायदा झाला नाही, सावलीचा गैरसमज साऱ्या वर्गाचा गेला, असे उत्तर मी दिले आणि ते खरेही होते. पण ते उत्तर देताना मला थोडी लाज वाटली. इतरांचा फायदा झाला नसता तर काय? मग ते चार तास चुकीचे ठरले असते काय? ज्या पाठातून दुसऱ्या कोणालाही काही मिळणार नाही, अशा पाठातही तिचा हक्क तेवढाच आहे असे माझे मन म्हणते. आणि प्रत्येक पाठ असा शिकविता येणार नाही हे बाईंचा थकलेला चेहरा म्हणतो. बाईंनी या वर्षासाठी चार पाठ निवडले आहेत. बाकीच्यांचे काय, हे त्या मला विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटच्या तासाला मुलीने स्वतःहून एक गोष्ट काढली. तिच्या घरी चंद्र कोणी आकाशात पाहत नाही, पाण्यात पाहतात. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असते, पाण्याला ओढ असते, तेव्हा डोल जाळी लावायची. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी मंद. हे तिला पहिलीत असल्यापासून ठाऊक होते. फक्त शाळेतला चंद्र आणि घरचा चंद्र एकच आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते.

ती स्टुलावर बसली, चेंडू स्वतःच्या हातात घेतला आणि एक फेरी घेतली. मग म्हणाली, "बाई, अमावास्येला सगळा गुळगुळीत आणि पौर्णिमेला सगळा खरखरीत. तरी उधाण दोन्ही वेळा येते. दोन्ही अष्टम्यांना भांग. मग समुद्राला खरखरीत-गुळगुळीत कळत नाही. त्याला फक्त आम्ही तिघे एका ओळीत आहोत की नाही तेवढेच कळते का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. तास संपल्याची घंटा झाली होती. त्यांनी फळ्यावरचे पुसून टाकले आणि पुढच्या तासाला दोन चेंडू आणायला सांगितले.